खुले पत्र: सात पिल्लं, चौदा कान आणि एकच जखम

माननीय पशुसंवर्धन मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

नव्या नियमांची घोषणा करताना आपण भर सभेत सांगितलं होतं की निव्वळ दिसण्यासाठी कुत्र्यांचे कान आणि शेपट्या कापणं आता बंद. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर नियम छापून आले आणि त्यांत एक ओळ निघाली: ‘पशुवैद्यकीय कारण असल्यास सूट’. त्या ओळीतून आत शिरलेलं एक डॉबरमन पिल्लू या क्षणी माझ्या पायाशी झोपलं आहे. डोक्यावर फोमचे दोन सुळके आणि त्यांना गुंडाळलेली पांढरी चिकटपट्टी, अशा थाटात. नाव बंड्या.

आधी माझी चूक कबूल करतो. उभ्या कानांचा, आखूड शेपटीचा डॉबरमन मला लहानपणापासून रुबाबदार वाटायचा, आणि तो जन्मतःच तसा असतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मी एकटाच वेडा नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विचारलेल्या लोकांपैकी 42 टक्क्यांना हे कान आणि शेपट्या उपजतच तशा असतात असं वाटत होतं. ब्रीडरने फोनवर ‘कान केलेले आहेत, कागद क्लिअर आहेत’ असं सांगितलं, तेव्हा ‘केलेले’ म्हणजे काय हे मी विचारलंसुद्धा नाही. विचारायला हवं होतं.

आपल्याला फायलीत हे दिसत नसेल म्हणून काय केलेलं असतं ते सांगतो. पिल्लू साधारण सात ते बारा आठवड्यांचं असताना त्याला पूर्ण भूल देतात. कानाची पाळी ताणून कडेने वक्र रेघेत कापतात, बराचसा भाग टाकून देतात आणि कापलेली कड टाक्यांनी शिवतात. टाके दहा-चौदा दिवसांत निघतात, पण कान काही लगेच उभा राहत नाही. कूर्चा घट्ट होईपर्यंत तो आधाराला बांधून ठेवावा लागतो. यात कित्येक आठवडे जातात, कधी कधी महिने. पट्टी दर पाच-सात दिवसांनी सोडायची, कान पुसून कोरडा करायचा, पुन्हा बांधायची. भिजली तर त्याच दिवशी. हे सगळं अशा वयात, जेव्हा पिल्लाने माणसाच्या हाताला भ्यायचं नाही हे शिकायचं असतं. बंड्या शिकला ते उलटंच. चिकटपट्टीचा रीळ फाडल्याचा आवाज आला की तो पलंगाखाली जातो.

दुसऱ्याच पट्टीला मला वास आला, गोडसर, कुजकट. तो डोकं सारखं झटकत होता आणि डावी बाजू जमिनीवर घासत होता. पट्टी सोडली तर डाव्या कानाचं टोक गार लागलं, कड काळपट पडलेली, दोन टाक्यांच्या मध्ये पू. पट्टी घट्ट बसली की टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. पट्टीखाली चार दिवस काय चाललंय ते वासावाचून कळायला दुसरा मार्ग नाही. मेलेली कड काढून टाकावी लागली, म्हणजे पुन्हा भूल. आता तो कान भरताना व्रण आकसून आतल्या बाजूला वळला आहे. ब्रीडरला कळवलं तर म्हणाला, ‘थोडा अजून कापून लेव्हल करून घ्या.’

पाठीमागचा भाग त्याच्याही आधी उरकलेला होता. शेपूट तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाटतात, बहुतेक वेळा भुलीवाचून, कात्रीने नाहीतर रबराचा आवळ घालून. ‘इतक्या लहानपणी काही कळत नाही’ हे मला चार जणांनी सांगितलं, त्यांत एक डॉक्टर होते. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात 50 पिल्लांची शेपूट छाटताना नोंद ठेवली होती. पन्नासच्या पन्नास ओरडली, सरासरी 24 किंकाळ्या. वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या वाटा त्या वयात चालू असतात, ती दाबून धरणारी यंत्रणा मात्र नंतर पक्की होते. म्हणजे कळत नाही हे सोडाच, जास्तच कळत असेल. छाटलेल्या टोकाशी चेतातंतूंची दुखरी गाठ वाढल्याच्या नोंदी 1990 पासून आहेत. शेपटीला हात लावू न देणारं, सारखं बूड चाटणारं कुत्रं दिसलं की मला आता तेच आठवतं.

आता त्या ‘पशुवैद्यकीय कारणा’कडे येतो. बंड्याच्या प्रमाणपत्रावर लिहिलं आहे: ‘दोन्ही कर्णपाळ्यांना फाटल्याची जखम, दुरुस्तीसाठी शस्त्रक्रिया’. दोन्ही पाळ्या, दोन्हीकडे एकाच वळणाने. अपघाताला इतकी शिस्त असते हे मला ठाऊक नव्हतं. मग मी त्याच्या भावंडांच्या मालकांचा शोध घेतला. पिल्लं सात. प्रमाणपत्रं सात. तारीख एक, सही एक आणि वाक्य, महोदय, काना-मात्रेसकट एक. चौदा कान एकाच दुपारी एकसारखे फाटले आणि आपल्या खात्यात एकाही माणसाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

हे खोटं आहे हे ओळखायला शेरलॉक लागत नाही, मंत्रालयातला कारकूनही ओळखेल, त्याला वेळ दिला तर. कानाची पाळी खरोखर काढावी लागते ती बहुधा गाठीसाठी, आणि अशी गाठ सहसा वयस्कर कुत्र्याला येते, एका कानाला येते, तिचा तुकडा तपासायला पाठवलेला असतो. पाळीत रक्त साठलं तर ते बाहेर काढतात, पाळी कापून टाकत नाहीत. आणि सगळ्यांचं लाडकं कारण, ‘लोंबत्या कानांना जंतुसंसर्ग होतो म्हणून’. अहो, संसर्ग होतो तो कानाच्या नळीत. ती आधी खाली उतरते, मग आत वळते. बाहेरची पाळी कापून नळीचं वळण बदलत नाही. नळी इतकी बिघडली की ती काढूनच टाकावी लागते, तेव्हासुद्धा शल्यचिकित्सक पाळी जागेवर ठेवतात! शिवाय कानांच्या तक्रारींसाठी दवाखान्यात ज्यांची कायम ये-जा असते ते कॉकर स्पॅनियल आणि बॅसेट हाउंड. त्यांचे कान जमिनीला टेकले तरी कोणी कापत नाही. कापतात ते डॉबरमनचे, ग्रेट डेनचे, बॉक्सरचे. जंतूंना जात कळते की काय?

शेपटीच्या बाबतीत मात्र मला थोडं सरळ बोललं पाहिजे, कारण समोरच्यांचं तिथे अगदीच काही नाही असं नाही. ‘पुढे शेपूट आपटून फाटते, त्यापेक्षा आधीच छाटलेली बरी,’ असं ते म्हणतात. ब्रिटनमध्ये 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दवाखान्यांत आलेल्या सुमारे 1 लाख 38 हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, शेपटीच्या जखमा निघाल्या 281. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की एक जखम टाळायला सुमारे 500 कुत्र्यांच्या शेपट्या छाटाव्या लागतील. पण ही झाली सरसकट सगळी कुत्री. काटेरी झुडपांत घुसून शिकार उठवणाऱ्या स्पॅनियलचं गणित वेगळं आहे. स्कॉटलंडमधल्या पाहणीत न छाटलेल्या कामाच्या स्पॅनियलपैकी निम्म्याहून अधिकांना एका हंगामात शेपटीला इजा झाली होती, आणि तिथल्या संसदेने पूर्ण बंदी सैल करून 2017 मध्ये अशा कामाच्या कुत्र्यांपुरती सूट दिली. मला ते पटो न पटो, त्यांनी निदान कोणती कुत्री, कोणतं काम, कोणता धोका हे मोजून सूट दिली. आपण शब्द दिलात, ‘कारण’. माझा बंड्या कोणत्या काटेरी झुडपात शिरणार आहे? तो सोफ्याखाली शिरतो, तेही चिकटपट्टीला भिऊन.

जगभरच्या पशुवैद्यकांचं मत या काळात कुठून कुठे गेलं तेही आपल्या सल्लागारांनी आपल्याला सांगितलेलं दिसत नाही. रोमन काळात शेपूट तोडली की पिसाळत नाही अशी समजूत होती. तिथून निघून युरोपने 1987 च्या पाळीव प्राण्यांच्या करारात कान आणि शेपटीच्या अशा शस्त्रक्रियांना मनाई लिहिली. अमेरिका तर या फॅशनचं माहेरघर, पण तिथल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेनेही 2008 साली केवळ दिसण्यासाठीच्या या दोन्ही शस्त्रक्रियांना विरोध केला आणि जातींच्या मानकांतून त्यांचा उल्लेख काढून टाका म्हणून सांगितलं. मानकं लिहिणाऱ्या क्लबांनी ऐकलं नाही, ती गोष्ट वेगळी. मला भेटलेले दोन तरुण डॉक्टर हे करायला साफ नकार देतात. त्यांच्याकडून परत गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या दवाखान्यात जातं आणि तिथे छापील वाक्य तयार असतं. म्हणजे आपल्या नियमाने शिक्षा झाली ती प्रामाणिक डॉक्टरांना.

मी आपल्या कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला ‘पुढील योग्य कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे’. तिसऱ्याला ‘आपण पूर्वीच्या पत्राचा जावक क्रमांक नमूद केलेला नाही’. महोदय, माझ्या कुत्र्याचा कान सडत होता आणि मी जावक क्रमांक शोधत होतो. आपल्याकडे बंदी म्हणजे एक कागद, सूट म्हणजे दुसरा कागद, आणि दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायचं पद मंजूर नाही. पिल्लांचंच कशाला, माणसांचे दाखलेसुद्धा असेच निघतात.

असो. मागणं फार नाही. कान किंवा शेपूट काढण्याच्या प्रत्येक प्रमाणपत्रासोबत शस्त्रक्रियेआधीचा फोटो आणि तपासणीचा अहवाल सक्तीचा करा. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचे दोन्ही कान कापले असतील तर दुसऱ्या डॉक्टरची सही मागा. आणि नियमानंतर जन्मलेल्या कापलेल्या कुत्र्यांना डॉग शोच्या रिंगणात पाऊल ठेवू देऊ नका. बक्षीस बंद झालं की कात्री आपोआप म्यान होईल, इतकी ही मंडळी व्यवहारी आहेत.

बंड्याचा उजवा कान परवा उभा राहिला. डावा आत वळलेला आहे, तसाच राहील. मी तो ‘लेव्हल’ करून घेणार नाही. आजपासून पट्ट्याही बंद केल्या, दोन्ही बाजूंच्या. उजवा पडायचा असेल तर पडू दे.

आपला,
एक श्वानपालक

सोबत: प्रमाणपत्रांच्या सात छायाप्रती. सहाव्या प्रतीवर नर पिल्लाच्या जागी मादी लिहिलं आहे, बाकी मजकूर तोच. जावक क्रमांक या खेपेसही नाही.