ऑपरेशन झालेल्या डोळ्याला कमी दिसायला लागलं तर सोमवारची वाट बघू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरणेला राहते, डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता रिटायर आहे. मोतीबिंदूची ऑपरेशन्स आता इतकी सरसकट होतात की लोक सकाळी जातात आणि दुपारी घरी येऊन जेवतात. ते चांगलंच आहे, पण घरी आल्यानंतरच्या आठवड्यात काय बघायचं हे कुणी नीट समजावत नाही, म्हणून हे पत्र.

ऑपरेशननंतर किंवा डोळ्यात इंजेक्शन दिल्यानंतर क्वचित डोळ्याच्या आतमध्ये इन्फेक्शन होतं, डॉक्टर त्याला एंडोफ्थाल्मायटिस म्हणतात. मोतीबिंदूनंतर हजारात एखाद्याला, चांगल्या ठिकाणी त्याहूनही कमी आणि इंजेक्शननंतर काही हजारांत एखाद्याला. घाबरून ऑपरेशन टाळावं असं हे अजिबात नाही. पण ज्याला होतं त्याचा डोळा वाचणार की जाणार हे पुष्कळदा तो किती तासांत परत आला यावर ठरतं.

आमच्याच सोसायटीतल्या एका काकांचं सांगते, नाव देत नाही. वय अडुसष्ट, शुगर आहे. गुरुवारी ऑपरेशन झालं, शुक्रवारी पट्टी काढली, शनिवारी तर गॅलरीतून खाली उभ्या रिक्षाचा नंबर वाचून दाखवत होते. रविवारी दुपारपासून म्हणायला लागले की जरा धूसर वाटतंय, ड्रॉप टाकल्यामुळे असेल. डोळा थोडा जास्त लाल होता आणि ठणका म्हणाल तर अगदीच किरकोळ, म्हणून घरचे म्हणाले उद्या सोमवारी तसंही दाखवायला जायचंच आहे, आता कशाला धावपळ. मुलाने हॉस्पिटलला फोन केला तर तिकडून उत्तर आलं की ऑपरेशननंतर थोडं लाल होतंच, उद्या या. संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं तेव्हा मी एवढंच केलं की त्यांचा चांगला डोळा तळहाताने झाकला आणि समोरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं, तर शनिवारी रिक्षाचा नंबर वाचणाऱ्या माणसाला कॅलेंडरवरची मोठी तारीखसुद्धा दिसेना, माझ्या हाताची बोटं तेवढी मोजता आली. टॉर्च लावला तर बुबुळाच्या खालच्या कडेला पांढुरकी रेघ साचलेली दिसली, तो आतला पू. (ती रेघ दिसली नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं मात्र समजू नका, सुरुवातीला ती नसतेही.)

त्याच रात्री त्यांना रेटिनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुईने डोळ्यातलं थोडं पाणी तपासणीला काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता तिथल्या तिथे डोळ्याच्या आत अँटिबायोटिक दिलं, व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम, दोन्ही अगदी थेंबभर. नंतर ते एकदा परत द्यावं लागलं, पण आज काका त्या डोळ्याने पेपर वाचतात. नजर फक्त उजेड-अंधार कळण्याइतकीच उरली असती तर आतली जेलीच ऑपरेशन करून काढावी लागली असती, आणि एवढं करूनही डोळा परत येईलच असं कुणी सांगू शकत नाही.

रविवार रात्र ते सोमवार सकाळ एवढ्याने काय फरक पडतो असं लोक विचारतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जी जेली असते तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणजे शरीराची लढणारी फौज तिथे वेळेवर पोचतच नाही, आणि जंतूंना मात्र ते विरजण लावलेल्या दुधासारखं असतं, रात्री चमचाभर आणि सकाळी सगळं भांडं. पडद्याच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. पोटात घेतलेली अँटिबायोटिकची गोळी तिथपर्यंत पुरेशी जात नाही आणि वरून टाकलेला ड्रॉपही नाही, म्हणून औषध सुईने आतच द्यावं लागतं. मेडिकलमधून ड्रॉप आणून बघू, ही जी आपल्याकडची सवय आहे ना, तीच इथे घात करते.

आणि दुखत नाहीये म्हणून निवांत राहू नका हे मला ठळक सांगायचंय. अमेरिकेत १९९५ साली अशाच ४२० पेशंटचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण चौथा हिस्सा लोकांना दुखतच नव्हतं, नजर मात्र जवळजवळ सगळ्यांचीच धूसर झालेली. शिवाय ऑपरेशननंतर आपण स्टेरॉइडचे ड्रॉप टाकत असतो, त्याने लाली दबते, आणि वरून वेदनेची गोळी घेतली की ठणकाही दबतो. म्हणून खरी खूण नजरेची. साधं ऑपरेशन झालेला डोळा पहिल्या दिवशी खुपतो, पाणी येतं, थोडा लाल असतो, पण रोज कालच्यापेक्षा बरा होत जातो. बरा होता होता उलटा फिरला, कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय, लाली वाढतेय, उजेड सहन होत नाही, पापणी सुजली, चिपडं यायला लागली, तर त्याच तासाला निघायचं, मध्यरात्र असली तरी. रोज सकाळी चांगला डोळा हलक्या हाताने झाकून एकाच जागेवरून तेच कॅलेंडर वाचायचं, कालचं आजचं लगेच कळतं. बहुतेकांना हे पहिल्या आठवड्यात होतं, पण सहा आठवड्यांपर्यंतही होऊ शकतं, तोवर ही सवय ठेवा.

शुगरमुळे किंवा वयामुळे पडदा खराब झालेल्यांना महिन्या-महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, त्यांची मला जास्त काळजी वाटते कारण सातवं-आठवं इंजेक्शन होईपर्यंत माणूस सरावतो आणि नजर आधीच अधू असल्याने अजून कमी झाली तर चटकन लक्षात येत नाही. सुई लागली तिथे पांढऱ्या भागावर लालभडक डाग पडला आणि दुखत नसेल, नजर तशीच असेल तर तो आपोआप जातो. त्या दिवशी बेटाडिनने चुरचुरतं, एखाद-दोन दिवस डोळ्यापुढे बुडबुडे तरंगतात, तेही विरतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढायला लागले, धुकं आल्यासारखं झालं किंवा डोळा ठणकायला लागला तर पुढच्या इंजेक्शनच्या तारखेपर्यंत थांबू नका.

आपल्या भागातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलांना एक विनंती. डिस्चार्ज कार्डावर ह्या धोक्याच्या खुणा मराठीत मोठ्या अक्षरात छापा आणि रात्री-रविवारी माणूस उचलेल असा नंबर द्या. काउंटरवर फोन घेणाऱ्या मुलीला सांगून ठेवा की ऑपरेशन झालेल्या पेशंटची नजर कमी झाली असं कुणी म्हटलं तर उद्या या म्हणायचं नाही, डॉक्टरांना जोडून द्यायचं. आणि घरच्यांनी फोनवर नुसतं डोळा लाल झालाय असं सांगू नये. ऑपरेशन कधी झालं, काल काय वाचता येत होतं आणि आज काय येत नाही हे सांगा, त्याने समोरचा जागा होतो. तरी कुणी दाद दिली नाही तर कार्ड आणि सगळे ड्रॉप पिशवीत टाकून रेटिनाचे डॉक्टर असतील तिथे जा, कुठेच नाही तर सायन किंवा जेजेसारख्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, रात्री रस्ता मोकळा असतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कोपरखैरणे, नवी मुंबई