दोघांनी मिळून वाचायचं पत्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

हे पत्र सकाळी वाचा, बाबांचा नाश्ता आणि गोळ्या झाल्यावर, आणि दोघांनी एकत्र बसून वाचा. दादाला मी त्या दिवशी घरी थांबायला सांगितलंय. फोनवर हे सांगितलं असतं तर मी पहिलं वाक्य बोलल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नसतं. कागद परत वाचता येतो.

सांगायचं ते आधीच सांगते. गेली सहा वर्षं माझं एका मुलावर प्रेम आहे आणि आम्हाला लग्न करायचंय. तो वसईचा आहे, कॅथलिक ख्रिश्चन. वय 33, पुण्यात नोकरी. आधी लग्न झालेलं नाही, आणि आम्ही एकत्र राहत नाही. वसईत त्याची आई आणि धाकटी बहीण असते. घरात ते कादोडी बोलतात, ऐकलीत तर अर्धी तरी समजेल. त्याचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि एक फोटो वेगळ्या पाकिटात ठेवलाय. हे पत्र कुणाच्या हाती पडलं तरी त्या घरी अनोळखी माणसांचे फोन जाऊ नयेत म्हणून तसं केलंय. ते पाकीट कधी उघडायचं ते तुम्ही ठरवा.

आई, तुला आधी एकटीला सांगावं असं मला खूपदा वाटलं. मैत्रिणींच्या घरी तसंच होतं, आधी आईला आणि मग आई बाबांना. पण मधल्या काळात ते आईला बाबांपासून लपवावं लागतं, आणि बाबांना कळतं तेव्हा मुलीबरोबर बायकोनंही फसवलं असं त्यांना वाटतं. तुला त्या जागी उभं करायचं नव्हतं. ‘एक मित्र आहे’ इथून सुरुवात करून थोडं थोडं सांगत जाणंही नको वाटलं, कारण मग दर वेळी आधीचं सांगणं खोटं ठरतं. दादाला मात्र दोन वर्षांपासून माहीत आहे. मीच त्याला गप्प बसवलं, तो मला सांग सांग म्हणत होता. त्याच्यावर रागावू नका.

आता मी बोललेलं खोटं. 2021 पासून पाच स्थळं आली, त्या प्रत्येकाला मी काहीतरी कारण काढून नकार दिला. सांगलीच्या मुलाला ‘स्वभाव जुळणार नाही’ म्हटलं, मामांनी आणलेल्या स्थळाला ‘एवढ्यात शहर सोडायचं नाही’ म्हटलं. त्या मुलांमध्ये काही खोट नव्हती. बाबांनी पत्रिका जुळवल्या, आईनं दोनदा पोह्यांचा घाट घातला, मामांनी स्वतःची पत खर्ची घातली, आणि समोरची माणसं उत्तराची वाट बघत राहिली. लपवण्यातलं सगळ्यात वाईट हेच झालं, आणि त्याची मी माफी मागते. वधू-वर सूचक मंडळातली माझी नोंद मी काढून घेतली आहे. मामांशी मी स्वतः बोलेन, पण तुमचं बोलून झाल्यावर.

मग आत्ताच का? डिसेंबरच्या तपासणीत बाबांचा ईसीजी आणि रक्तदाब नीट आला, अँजिओप्लास्टीनंतरची धास्ती थोडी कमी झाली, हे एक. दुसरं कारण कायद्याचं आहे, आणि ते नीट सांगते.

दोघांपैकी कुणीही धर्म बदलणार नाही, म्हणून लग्न विशेष विवाह कायदा 1954 प्रमाणे होईल. त्यात आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहत असला पाहिजे, म्हणून ती पुण्यात देता येते. ती तिथल्या कार्यालयात लावतात. पण माझा कायमचा पत्ता कराडचा आहे, आणि अशा वेळी नोटिशीची प्रत कायमच्या पत्त्याच्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याकडे पाठवून तिथेही लावायची असते. म्हणजे साताऱ्याच्या फलकावर माझं नाव, वय, नोकरी आणि आपल्या घराचा पत्ता लागेल. तिथे कामाला गेलेल्या ओळखीच्या कुणी तो वाचला तर संध्याकाळपर्यंत बाबांना फोन येईल. तुम्हाला ते असं कळू द्यायचं नाही, म्हणून नोटिशीच्या कितीतरी आधी हे पत्र.

नोटीस मी 15 एप्रिलच्या आत देणार नाही. दिल्यावर 30 दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होऊन नव्यानं द्यावी लागते. 15 एप्रिलला दिली तर लग्न साधारण 15 मे ते 15 जुलै यांच्या मध्ये. त्या 30 दिवसांत हरकत घेता येते, पण ती वय, आधीचं लग्न, मानसिक स्थिती किंवा जवळचं नातं अशाच कारणांवर टिकते. आईवडिलांची नाराजी हे त्यात कारण नाही. हे धमकी म्हणून लिहीत नाही. कुणी काका-मामा ‘हरकत घेऊन थांबवू’ म्हणाले तर बाबांनी त्यात पैसे आणि अब्रू घालू नये, एवढ्यासाठी लिहिलं. सहीला तीन साक्षीदार लागतात. दोन ठरलेत, तिसरी जागा मी मोकळी ठेवली आहे.

बाबा, शेतीचं तुमच्या मनात येईलच. हिंदू एकत्र कुटुंबातल्या माणसानं या कायद्याखाली ख्रिश्चन व्यक्तीशी लग्न केलं की तो हिंदू माणूस आपल्या कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. हिस्सा जात नाही, तो वेगळा धरला जातो. तुमचा आणि काकांचा सामाईक सातबारा लग्नामुळे आपोआप बदलत नाही, त्याला फेरफार लागतो. मी वाटणी मागत नाही. पण काकांनी घाईनं हक्कसोडपत्र पुढे केलं तर सहीही करणार नाही. आपण दोघं मार्चमध्ये तुमच्या वकिलांकडे जाऊ, काय ते त्यांच्यासमोर विचारा.

चर्चमध्ये लग्न नाही. धर्म न बदलताही तिथे बिशपांच्या परवानगीनं करता आलं असतं, पण मुलं कॅथलिक वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढं करीन, असं वचन त्याला द्यावं लागतं. मुलांचं आम्ही आत्ताच बांधून घेणार नाही. त्याच्या आईला हे फार लागलंय. तिकडेही सगळं गोड चाललेलं नाही, हे तुम्हाला माहीत असावं.

मी पत्र पोचल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी येते, एकटी. मधले दिवस मी फोन करणार नाही, पण तुम्ही केलात तर कधीही उचलेन. तोवर दादा रोज रात्री बाबांचा रक्तदाब बघेल. त्याच्या खिशात हृदयाच्या डॉक्टरांचा नंबर आहे. आल्यावर काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. ओरडायचं असेल तर ओरडा, मी ऐकेन. फक्त त्या दिवशी काका-मामांना बोलावू नका. चार माणसं समोर असली की बाबा त्यांच्यासाठी बोलतात, आणि मला तुमचं ऐकायचंय.

नोटिशीचा कोरा नमुना सोबत जोडलाय. ‘कायमचे राहण्याचे ठिकाण’ हा रकाना मी पेन्सिलीनं भरलाय. पुण्याचा पत्ताही चालेल का, असं मला विचारलं होतं. मी कराडचाच लिहिलाय.

तुमची लेक