चार अंकांवर निकाल लागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला 'टायर ओळखा एका मिनिटात' हा लेख वाचला. टायरवर DOT या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक पाहा आणि टायर कंपनीने परत मागवलेला आहे की नाही ते जाणून घ्या, असे आपल्या लेखकाने छातीठोकपणे लिहिले आहे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे काढली. ते चार अंक टायरचा जन्म सांगतात, बाकी काही नाही. सोबतच्या चित्रात तर टायरची अशी बाजू छापली आहे की तिच्यावर ते चार अंकही नाहीत! पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, हे चित्र निवडणाऱ्याला ठाऊक नसावे.

गेल्या वर्षी मुलीकडे न्यू जर्सीत होतो. तिने जुनी गाडी घेतली होती. विक्रेत्याने गाडीचा चॅसिस नंबर तिथल्या सरकारी साइटवर टाकून 'एकही रिकॉल बाकी नाही' असा कागद हातात दिला. जावईबापू खूश. पण टायरच्या मॉडेलचे नाव ओळखीचे वाटले म्हणून मी तीच साइट, nhtsa.gov/recalls, उघडून गाडीऐवजी टायरच्या रकान्यात कंपनी आणि मॉडेल घातले. टायर कंपनीने मागवलेला टायर गाडीच्या नंबरावरून सापडत नाही, तो असाच शोधावा लागतो. रिकॉल निघाला. एका ठरावीक साइजचे, एकाच कारखान्यातले, 2819 ते 3319 या कोडचे टायर.

मग मी पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरलो, कारण दोन टायर कोड आतल्या बाजूला करून बसवलेले होते. अक्षरे काळ्यावर काळी, त्यात चिखल. फडक्याने पुसून खडू घासला तेव्हा कुठे उठून दिसली. "बाबा, शेजारी बघताहेत," मुलगी वरून म्हणत होती. बघू देत.

चौघांचीही साइज तीच. पुढच्या दोन्ही टायरांवर शेवटी 3119, मागच्या दोन्हींवर 3018. जावईबापू कॉम्प्युटरवाले. ते म्हणाले, "3018 हा आकडा 2819 आणि 3319 च्या मधेच येतो, म्हणजे चारही टायर गेले." अहो, यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे! 3018 म्हणजे २०१८चा तिसावा आठवडा. परत मागवलेला माल २०१९च्या अठ्ठाविसाव्या ते तेहतिसाव्या आठवड्यातला. त्यामुळे मागचे दोन्ही सुटले. आधी वर्ष जुळवायचे, मग आठवडा. सबंध आकडा घेऊन वजाबाकी करत बसायचे नाही.

राहिले पुढचे दोन. तारीख एकच, पण DOT नंतरची कारखान्याची खूण वेगवेगळी! उजव्याची नोटिशीतल्या खुणेशी जुळली, डाव्याची नाही. ही खूण म्हणजे नुसती शोभा नव्हे. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले, तेव्हा वाइल्डरनेस एटी या मॉडेलचे फक्त डेकेटरच्या कारखान्यात बनलेले टायर त्यात होते. त्यांची खूण VD. नाव तेच, साइज तीच, पण कारखाना दुसरा असेल तर त्या नोटिशीत नाही. खूण वाचताना गोल दिसला तर तो शून्य समजावा, कारण या कोडमध्ये ओ हे अक्षर वापरतच नाहीत. जावईबापूंनी तिथेही एकदा ओ टाइप केलाच.

थोडक्यात, चारांतला एक टायर निघाला. मुलीला पत्र का आले नाही? टायरची नोंद आधीच्या मालकाच्या नावावर, त्यामुळे पत्र गेलेच असेल तर त्याच्याकडे. शेवटी टायर फुकट बदलून मिळाला.

आपल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की ती यादी अमेरिकेत विकलेल्या मालाची आहे. इथल्या टायरवर तेच नाव दिसले म्हणून घाबरू नये, आणि तिथल्या यादीत नाव नाही म्हणून निर्धास्तही राहू नये. पूर्ण कोडचा फोटो काढून इथल्या कंपनीला लेखी विचारावे. आणि डिकीतली स्टेपनी विसरू नये. आपले लेखक ती विसरले आहेत.

जाता जाता: एसटी थांब्यांवरचे माझे मागचे पत्र आपण मधूनच कापलेत, आणि जे उरले त्यावरून मीच थांबे बंद करा म्हणतोय असा लोकांचा समज झाला. गल्लीत अजून टोमणे ऐकतो. हे पत्र छापायचे तर सबंध छापा.

आणि हो, तो फुकट मिळालेला नवा टायर दुकानदाराने बसवला. कोड आतल्या बाजूला. पुठ्ठा मी तिथेच गॅरेजमध्ये ठेवून आलोय.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा