उद्या रजा टाकू नकोस

ठाणे, रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

सुजय संध्याकाळी डबा घेऊन घणसोलीला येतोय, त्याच्याबरोबर हे पाठवते. फोनवर तू बोलूच देत नाहीस. टीम लीडचं प्रणालीला मिळालं, शुक्रवारी तू ग्रुपवर नुसता अंगठा टाकून निघालीस आणि उद्या रजा घेणार आहेस, एवढं कळलं. रजा घेऊ नकोस. प्रमोशन जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या दिवशी कोण आलं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. मग बुधवारी तू कितीही मनापासून अभिनंदन केलंस, तरी 'हिला पचवायला इतके दिवस लागले' असाच त्याचा अर्थ निघेल.

अभिनंदन पँट्रीतल्या घोळक्यात करू नकोस. तिथे लोक तिच्याकडे बघत नाहीत, तुझ्या तोंडाकडे बघतात, आणि मग हसू ताणलं जातं. सकाळच्या मीटिंगआधी तिच्या टेबलाशी जा, दोन मिनिटं पुरे. 'अभिनंदन' म्हण आणि तू स्वतः पाहिलेली तिची एकच गोष्ट सांग. मार्चमध्ये त्या क्लायंटचा गोंधळ झाला, तेव्हा एकमेकांवर ढकलणाऱ्या दोन्ही टीमना तिने एका कॉलवर बसवलं, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. तेच तिला सांग. 'तूच सगळ्यात लायक होतीस' असं आज तुला वाटत नसेल तर ते म्हणू नकोस, आवाजात कळतं. पण मार्चचं ते तुला खरंच आवडलं होतं, त्यामुळे ते बोलताना काही ओढूनताणून आणावं लागणार नाही.

मात्र त्याला 'मला नसतं बाई जमलं' हे शेपूट लावू नकोस. तुझी ही खोड थेट अक्कांची. त्याने विषय तुझ्यावर येतो आणि तिला स्वतःचा आनंद बाजूला ठेवून तुझी समजूत काढत बसावं लागतं. 'आता आम्हाला ओळख दे हं मॅडम' हेही नको. गंमत म्हणून म्हटलं तरी टोचतं, आणि तू मुलाखत दिली होतीस हे माहीत असणाऱ्यांना तर जास्तच.

ती बहुधा म्हणेल, 'तुलाही मिळायला हवं होतं गं.' इथे माणसं घसरतात. 'छे, मला नकोच होतं' म्हणालीस तर ते खोटं आहे हे तिला माहीत असणार, आणि मग आधीचं अभिनंदनही तिला खोटं वाटेल. सरळ सांग, 'हो, मलाही हवं होतं, थोडं वाईट वाटलंच. पण तुला मिळालं याचा आनंद आहे.' आणि लगेच विचार, पहिल्या आठवड्यात काय हातात घेणार आहेस? बोलणं परत तिच्याकडे जातं. मग तू उठ, लांबवू नकोस.

ग्रुपवर त्यानंतर दोन ओळी लिही, तोच मार्चचा मुद्दा घेऊन. अंगठ्याने भागत नाही आणि मोठा निबंध लिहिलास तर लोक त्यात काहीतरी शोधत बसतात.

साहेबांकडे तुझा विषय काढायचाच, पण उद्या नाही. आठवडा जाऊ दे, वेगळी वेळ माग. प्रणालीचं नावसुद्धा काढू नकोस. माझ्या कामात नेमकं काय कमी पडलं आणि पुढच्या वेळेआधी काय दिसायला हवं, एवढंच विचार. 'तिला का?' याचं उत्तर ते तुला देणार नाहीत, फक्त तू जळतेस असं धरून चालतील.

बघ, परत व्याख्यान झालं. रागावू नकोस. तू बत्तीस वर्षांची आहेस आणि मी तुला कुठे उभं राहायचं ते सांगतेय.

पण आठवीतलं डोक्यातून जात नाही. राणीचं काम ऐनवेळी दुसरीला गेलं आणि तू गडकरीच्या विंगेत बसून तिच्या नऊवारीला पिना लावत होतीस. बाई म्हणाल्या, काय समंजस पोर आहे! मला इतका अभिमान वाटला होता. आणि दुसऱ्या दिवसापासून तुला ताप, शाळेत जायला तयार नाहीस. प्रणालीशी तू नीटच वागशील, तेवढी ओळखते मी तुला. त्यानंतर घरात दार लावून बसशील, त्याची भीती वाटते. म्हणून तर रजा नको म्हणते. रडायचं असेल तर आज रात्री फोन कर आणि रड, बाबा झोपले की मी गॅलरीत येऊन बोलते.

डब्यात आळूवडी आहे, उद्या दुपारी तिलाही दे. नको वाटलं तर राहू दे, आळूवडीचं ओझं नको. पण रजेचा अर्ज टाकला असशील तर आजच मागे घे.

तुझी,
आई