मागच्या खोलीच्या भिंती

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

तुमच्यासाठी मागे बांधतोय त्या खोलीच्या भिंती आता खिडकीच्या तळापर्यंत आल्या. बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "गवंडी कसा आहे?" उत्तर सविस्तर लिहिते.

मिस्त्री सत्तरीचे आहेत. हाताखालचा मुलगा नुकताच बिगाऱ्याचा गवंडी होतोय. सकाळी रचलेली पश्चिमेची भिंत त्याला जेवणानंतर आत झुकल्यासारखी वाटली. त्याने थापीच्या मुठीने वरचे तीन थर ठोकून बाहेर सरकवले. शेजाऱ्यांची जुनी मातीची भिंत तुम्हाला आठवत असेल. ती पलीकडे कलली आहे, म्हणून तिच्याशेजारी सरळ भिंतही वाकडी दिसते.

मिस्त्रींनी त्याच्या हातात ओळंबा दिला. ओळंब्याचा ठोकळा वजनाइतकाच रुंद असतो. ठोकळा वरच्या विटेला बाहेरून टेकवला, तर खाली वजन भिंतीला जेमतेम शिवायला हवं. वारं होतं, म्हणून वजन हाताने थांबवून दोरी स्थिर होऊ दिली. खाली तीन सुतांची फट दिसली. मग ठोकळा त्या तीन थरांच्या खाली लावला, तर वजन भिंतीला अगदी अलगद शिवलं.

"आता सांग, कुठली भिंत वाकडी?"

"वरचे तीन थर, मामा. मीच सरकवले."

"डोळा शेजारची भिंत बघून ठरवतो. ओळंब्याला ती दिसत नाही."

मुलगा ते थर परत आत ठोकायला निघाला, तेव्हा मात्र त्यांनी हात धरला. माल धरायला लागल्यावर वीट हलली की तिची पकड सुटते, मग ओळंब्यात आणली तरी ती सुटीच राहते. तिन्ही थर काढले, विटांचा माल खरवडला, विटा भिजवल्या आणि नव्या मालात पुन्हा रचल्या. अर्धा दिवस गेला, पण मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या तळाची खूण करायची होती. अंगण मोरीकडे उतरतं, त्यामुळे जमिनीपासून मोजून चालणार नव्हतं. पाण्याच्या नळीने खूण केली, तर मुलगा म्हणाला, "मामा, आज हत्यारच चुकतंय. एक बाजू फारच वर आली."

मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी नळीची दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरायला लावली. पाणी सारखं उभं राहायला हवं होतं, पण राहिलं नाही. मुलाने नळी बोटांनी चाचपत उजेडात धरली. मधल्या वळणावर हवेचा बुडबुडा अडकला होता. तो काढल्यावर दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं आणि त्याने जुनी खूण पुसून नवी केली. आता तो रोज आधी टोकं जुळवतो, मगच खूण करतो. मिस्त्रींना सांगावं लागत नाही.

आई, खिडकीचा तळ तू म्हणालीस तसा खालीच ठेवलाय, पलंगावर बसून तुळस दिसेल. गिलावा दिवाळीनंतर. कठड्याची दांडी उजवीकडे हवी की डावीकडे, ते बाबांना विचारून कळव.

तुमची लेक