मनू, विथड्रॉचा मेल पाठवायच्या आधी

मनू,

काल फोन ठेवताना म्हणालीस ना की आई तू प्रश्न विचारत नाहीस, चौकशी बसवतेस, म्हणून आज फोन केला नाही. लिहिलेलं तुला हवं तेव्हा वाचता येतं आणि मला मध्येच टोकता येत नाही, दोघींचंही भलं. बाबा म्हणतायत पाठवूच नकोस, तिचं तिला ठरवू दे. ते परवापासून सकाळी तुझ्या बाजूने आणि संध्याकाळी माझ्या बाजूने बोलतायत, त्यांचं काही धरू नकोस.

राजीनामा मागे घेऊन इथेच राहायचं म्हणतेयस, तर एकच विचारते आणि परत विचारणार नाही. तुला थांबवायला साहेबांनी काउंटर ऑफर म्हणून जे काही कबूल केलंय ते मेलवर आलंय का?

तू म्हणशील आली ही मूळ मुद्द्यावर. पण आज तुझ्या हातात काय काय आहे ते बघ ना. तुझ्या राजीनाम्याचा मेल आहे, तो मंजूर झाल्याचं एचआरचं उत्तर आहे, त्यात शेवटच्या दिवसाची तारीख आहे, आणि नवीन ठिकाणचं सही करून पाठवलेलं ऑफर लेटर आहे. म्हणजे जेवढे म्हणून कागद आहेत ते सगळे सांगतायत की तू चाललीस. तू राहतेयस असं सांगणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुझ्या साहेबांनी बंद खोलीत तासभर केलेल्या गप्पा. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, चांगले आहेत, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी जे केलं ते मी विसरले नाहीये. पण पगार वाढवायचा अधिकार एकट्या साहेबांकडे नसतो गं. त्याला वरची सही लागते, बजेटवाल्याची लागते, एचआरची लागते. आज तू नवीन लोकांना नकार कळवलास आणि उद्या वरून उत्तर आलं की एवढं नाही जमणार, एवढंच जमेल, तर तुझ्याकडे तिकडचंही नाही आणि इकडचा राजीनामा तर मंजूर झालेलाच आहे.

म्हणून राहायचंच ठरवलंस तरी क्रम असा ठेव. आधी त्यांचं सुधारित पत्र येऊ दे, ज्यात आकडा, पद, कुणाला रिपोर्ट करायचं आणि कोणत्या तारखेपासून, हे सगळं असेल. ते शांतपणे वाच. मग राजीनामा मागे घेतेय असा मेल, आणि तेवढ्यावर थांबू नकोस, तो मागे घेणं आम्हाला मान्य आहे असं एचआरचं उत्तर आलं पाहिजे, कारण मंजूर झालेला राजीनामा तू एकटीने मागे घेतला म्हणून मागे जातोच असं नाही. ते उत्तर आलं की त्याच दिवशी नवीन ठिकाणी फोन आणि मागोमाग मेल. बस. झालं माझं लेक्चर या विषयावर.

आता आकडा. पगाराच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे कुणी टक्के सांगितले की माझा हात आपोआप कागदाकडे जातो, रागावू नकोस. तू म्हणालीस इथे 25 टक्के वाढवतायत, तिकडे 30 आहे, पाचासाठी कुठे नवीन घडी बसवायची. मग तू बोलता बोलता जे जे सांगितलंस ते मी मांडून बघितलं. तुझा आजचा वर्षाचा पगार 100 धरू. इकडच्या 25 पैकी 10 हा रिटेन्शन बोनस आहे, म्हणजे एकदाच मिळणार, आणि वर्षाच्या आत सोडलंस तर परत करायचा. खरी वाढ 15, म्हणजे पगार 115. आता दर वर्षी तुला साधारण 8 मिळतातच, आणि वाढीचा महिना दोन महिन्यांवर आलाय. तू तोंड उघडलं नसतंस तरी 108 झाले असते. मधेच अशी वाढ दिली की पुष्कळ ठिकाणी त्या वर्षीच्या नेहमीच्या वाढीतून नाव वगळतात, आमच्याकडे तर त्याची वेगळी यादीच असायची. तसं असेल तर तुला थांबवण्यासाठी त्यांनी पगारात खरोखर वरचे घातले ते फक्त 7. उरलेले 8 तुझेच होते, जरा लवकर दिले इतकंच.

नवीन लोकांचंही तसंच सोलून बघ, नाहीतर तू म्हणशील आई एकतर्फी बोलते. त्यांच्या 130 मध्ये 12 व्हेरिएबल आहेत ना? मग पक्के 118. व्हेरिएबल पूर्ण दिलं तर 130, अर्धं दिलं तर 124. पहिल्या वर्षी इकडे बोनस धरून 125, तिकडे कमीत कमी 118 आणि जास्तीत जास्त 130. जवळजवळ सारखंच. फरक दुसऱ्या वर्षी पडतो, इकडचे 10 गळतात, तिकडचे 12 दर वर्षी निदान मिळण्याच्या यादीत तरी राहतात. पण महिन्याच्या पक्क्या पगारात 115 आणि 118 म्हणजे काही नाही गं. त्यामुळे पैशावरून ठरवतेयस असं स्वतःला सांगू नकोस. साहेबांना एक प्रश्न मात्र विचार, या वाढीनंतर मी येत्या नेहमीच्या वाढीला पात्र आहे का, आणि उत्तर पत्रातच लिहून घे.

बघ, आलेच परत पत्रावर. सॉरी.

खरं मला ज्याची भीती वाटते ते पैशाचं नाहीच. तू सोडायचं का ठरवलं होतंस ते दादाला लिहून पाठवलं होतंस, त्याने मला वाचून दाखवलं, त्याच्यावर चिडू नकोस. त्यात पगार शेवटी होता, तोही कंसात. वर काय होतं, तर तू केलेलं काम दुसऱ्याच्या नावाने वर जातं, रात्रीचे कॉल थांबत नाहीत, आणि तीन वर्षं जे पद देतो म्हणतायत ते दिलं नाही. मावशीकडचं कार्य होतं तेव्हा रात्री मी पाणी प्यायला उठले तर तू जिन्यात बसलेली, लॅपटॉप मांडीवर, कानात हेडफोन, आणि कुणी जागं होऊ नये म्हणून इतक्या हळू बोलत होतीस की पलीकडचा माणूस तुला तेच तेच परत विचारत होता. मी काही बोलले नाही, तशीच परत गेले. तू लहान असताना रडायचीस तीही अशीच, आवाज न करता, शाळेतल्या त्या बाईंनी तुला नाटकातून काढलं तेव्हा आम्हाला चार दिवसांनी कळलं. असो, कुठून कुठे गेले.

तर ती यादी काढ आणि काउंटर ऑफरमधलं काय काय त्यातल्या कशाला लागू पडतंय ते बघ. पगाराच्या आकड्याने रात्रीचा कॉल थांबत नाही. टीम बदलून देतो म्हणाले, कधी? पुढच्या तिमाहीत. हे शब्द मी खूप ऐकलेत. तारीख आणि नाव असलेलं वचन वेगळं, तिमाही असलेलं वेगळं.

आमच्या ऑफिसात असे दोघं माझ्या डोळ्यांसमोरून गेले. एक स्टोअर्समधले गृहस्थ, त्यांना थांबवलं तेव्हा वर्षअखेरीचा स्टॉकचा हिशोब तोंडावर होता आणि ते सगळं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पगार वाढवला, ते खूश. पण त्यांना सांगितलं की तरीही एकदा सगळं लिहून काढा आणि या नवीन मुलाला शेजारी बसवा. हिशोब झाला आणि काही महिन्यांत त्यांचं पद दुसऱ्या विभागात विलीन झालं. सगळं रीतसर, कुणी वाईट वागलं नाही. दुसऱ्या आमच्याच विभागातल्या बाई, त्या राहिल्या आणि पुढे विभागप्रमुख झाल्या. पण त्यांच्यावेळी गोष्ट वेगळी होती, त्यांचा ग्रेडच वर्षानुवर्षं चुकीचा लागलेला होता, राजीनाम्यामुळे कुणीतरी फाईल उघडली आणि ते लक्षात आलं. नवीन ग्रेडचं पत्र आधी निघालं, राजीनामा नंतर मागे गेला. मला माहितीय, कारण ते पत्र मीच टाईप केलं होतं.

म्हणून तूही बघ, ते तुला ठेवतायत की थोडा वेळ विकत घेतायत. तुझ्या प्रोजेक्टचं रिलीज तीन महिन्यांवर आहे. काउंटर दिल्यावरही हँडओव्हर थांबवलं नाही, तुझ्या जागेची जाहिरात तशीच चालू आहे, इंटरव्ह्यू चालू आहेत, असं दिसलं तर मला सांगायची गरज नाही, तुलाच कळेल. आणि हँडओव्हर थांबवलं, जाहिरात काढली, वरच्या माणसाने स्वतः बोलावून नवीन काम समजावलं, तर मीच म्हणेन रहा. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, काउंटर घेतलेले इतके इतके टक्के लोक सहा महिन्यांत जातातच, बाबांनी कालच मला पाठवलंय, त्या आकड्याला कसला आधार दिलेला नसतो, त्याने घाबरू नकोस.

मला राग कसला येतो सांगू? तुझी किंमत त्यांना तू निघालीस तेव्हा कळली. आणि अभिमानही त्याचाच वाटतो, की दोन ठिकाणची माणसं माझ्या पोरीसाठी ओढाताण करतायत. मीनाकाकूला सांगून झालंय माझं, तू ओरडशील. पण तुला नाही म्हणता येत नाही गं मनू, समोरच्याचं तोंड पडलेलं बघवत नाही तुला, आणि साहेबांनी तुला अडचणीत मदत केलीय म्हणून तू राहशील असं मला वाटतंय. उपकाराची फेड नोकरीने करायची नसते. हे जरा जास्तच झालं का? तुला माहीत नाही असं नाही. आणि तो मेल नसेल आला अजून तर... जाऊ दे.

तुझ्या ऑफिसने शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय ना, तर उद्याच एचआरला लिही की विचार करतेय, सगळ्या अटी लेखी मिळाल्या तर ठरवायला सोपं जाईल. यात उद्धट काही नाही, रोजचं काम आहे त्यांचं. तोपर्यंत नवीन लोकांना काहीच कळवू नकोस, पण शुक्रवारच्या पुढे त्यांना टांगतही ठेवू नकोस, तुझी जॉइनिंग डेट धरून तिकडे कुणीतरी काम आखलेलं असेल. आणि नाही म्हणायचं ठरलं तर त्यांच्या पत्रातला तो कलम बघ, सही केल्यावर माघार घेतली तर काही भरावं लागतं का.

जायचं ठरलं तर साहेबांना एवढंच सांग, तुम्ही एवढं केलंत त्याबद्दल मनापासून आभार, मी नीट विचार केला, मी ठरल्या तारखेलाच निघतेय, तोपर्यंत हँडओव्हर पूर्ण करून देते. कारणं सांगत बसू नकोस. तू पगार म्हणालीस की ते पगारावर बोलणार, टीम म्हणालीस की टीमवर, आणि तू परत त्या खोलीत तासभर बसशील.

आई