पडवी सहा फुटांचीच राहिली: आमच्या घराचं रेंडर करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

तुमचं बिल चुकतं झालं, पण आभार राहिले होते. ते चारचौघांत मानावेत असं वाटलं, कारण कोकणातलं जुनं घर दुरुस्त करायला निघालेले माझ्यासारखे बरेच जण असतील. मुंबईत बसून गावच्या घराचे चार फोटो पाठवायचे आणि ‘छान करून द्या’ म्हणायचं, असंच बहुतेकांचं चालतं.

तुमच्याआधी एकाकडून आम्ही रेंडर, म्हणजे दुरुस्तीनंतर घर कसं दिसेल त्याचं संगणकावरचं चित्र, करून घेतलं होतं. चित्र देखणं होतं, घरात सगळ्यांना आवडलं. वहिनींनी तर ते फ्रेम करायला काढलं होतं. पण मी बघत बसलो आणि जोत्यापाशी अडकलो. आमच्या जोत्याला चिऱ्याचे चार थर आहेत, त्या चित्रात सात होते. जोत्याची उंची मात्र तेवढीच. म्हणजे एकेक चिरा चार इंचांचा झाला आणि जांभ्याचं घर विटांचं दिसायला लागलं. भिंतीवर एक काळपट डाग होता, तोच डाग थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा उमटलेला. घर पूर्वाभिमुख, चित्र जानेवारीतल्या दुपारचं, आणि ऊन पडलंय उत्तरेच्या भिंतीवर! आमच्या संगमेश्वराकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला निम्मा काळ पावसात जातो. पाण्याची टाकी, विजेचा मीटर, मागची मोरी यांतलं काहीच चित्रात नव्हतं. अंगणात मात्र हिरवळ होती. आमच्या अंगणात चार महिने शेवाळ असतं आणि उरलेले आठ महिने वाळवणं.

तुम्ही काम घेतलंत तेव्हा आधी घर कसं हवं ते विचारलंच नाहीत, फोटो कसे काढायचे ते सांगितलंत. मोबाईलची नेहमीची लेन्स वापरा, सगळं घर मावतं म्हणून रुंद लेन्स लावू नका, त्यात कडेचे खांब वाकतात. घराच्या लांबीइतकं मागे जा, फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा, वर कौलांकडे रोखू नका. चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो असा घ्या की दोन बाजू एकदम दिसतील. ढगाळ सकाळी घ्या, म्हणजे वळचणीच्या सावलीत पडवी काळी होणार नाही. आणि प्रत्येक फोटोत भिंतीला टेकून एक बांबू उभा करा, फुटाफुटावर लाल पट्टी मारलेला.

गावात त्या बांबूची बरीच चेष्टा झाली. शेजारचे काका म्हणाले, ‘पालखी यायला अजून वेळ आहे रे.’ पण त्या बांबूमुळेच तुम्हाला एका थराची उंची चिऱ्यांमधल्या दर्जेसकट साडेसात इंच मिळाली. चार थरांचं जोतं तीस इंच, आणि पुढच्या सहा-सहा इंचांच्या पाच पायऱ्या त्याला बरोबर जुळल्या. जे बांबूने मापता येत नव्हतं ते तुम्ही कौलांच्या ओळी मोजून काढलंत. मंगलोरी कौलाचा उघडा राहणारा भाग साधारण साडेबारा इंच लांब असतो, त्यामुळे ओळी मोजल्या की पाखं किती लांब ते कळतं, शिडी लावावी लागत नाही. तुम्ही एक कौल उलटं करूनही फोटो मागवला होतात. मागे मंगळुरातल्या कारखान्याचा ठसा निघाला. बाझल मिशनवाल्यांनी तिकडे 1865 साली ही कौलं पाडायला सुरुवात केली हे ऐकून होतो, पण आपल्याच डोक्यावरच्या कौलाला गाव असतं हे मी त्या दिवशी बोटाने चाचपून पाहिलं. तुमचा हेतू अर्थात साधा होता. कारखान्यागणिक माप थोडं बदलतं, आणि फुटलेल्यांच्या जागी नवी कौलं घ्यायची तर खाचा जुळायला हव्यात.

मग मी तुम्हाला आमच्या अपेक्षांचं लांबलचक पत्र लिहिलं. अंगणातून पाच पायऱ्या चढून पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. वर माळा. माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. भिंतींना खालून तीनेक फूट सिमेंटचा गिलावा मारलेला, तो पोकळ वाजतो. मागच्या पडवीत संडास-बाथरूम हवं, आईला रात्री अंगण ओलांडायला नको. आणि सगळ्यांत मोठी मागणी भावाची: पुढची पडवी सहा फुटांची नऊ फूट करा, झोपाळा टांगायचाय.

ताई, खरे आभार या पडवीसाठी.

कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पडवी तीन फूट पुढे ओढणं हे एका मिनिटाचं काम असणार. ओढून, झोपाळा टांगून चित्र पाठवलं असतंत तर आम्ही टाळ्याच वाजवल्या असत्या. तुम्ही त्याऐवजी घर उभं कापल्यासारखं एक साधं रेखाचित्र पाठवलंत, आणि शेजारी हिशेब. आमचं आढं भिंतीच्या माथ्यापासून साडेसात फूट वर आहे आणि आढ्यापासून भिंतीपर्यंतचं आडवं अंतर तेरा फूट, म्हणजे छपराचा उतार तीस अंशांचा. तोच उतार सरळ खाली पडवीवर येतो. दर फुटाला जवळजवळ सात इंच खाली. पडवीच्या खांबांवरची तुळई आज जमिनीपासून सात फुटांवर आहे. त्याच उताराने आणखी तीन फूट पुढे गेलं की तुळई पावणेदोन फूट उतरते आणि सव्वापाच फुटांवर येते. म्हणजे भावाचं कपाळ आणि तुळई समोरासमोर.

भाऊ म्हणाला, मग उतार कमी करा. तेही तुम्ही करून दाखवलंत. तुळई सात फुटांवरच ठेवून पडवी नऊ फूट केली, तर उतार एकवीस अंशांवर येतो. चित्रात ते वाईट दिसत नाही, उलट जरा आधुनिकच दिसतं. पण खाली तुम्ही लिहिलं होतंत की मंगलोरी कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, चिकटवलेली नसतात. उतार कमी झाला की पाणी हळू वाहतं आणि वाऱ्याची झड त्याला मागे, वरच्या कौलाच्या पोटाखाली ढकलते. तिथून ते रिपांवर आणि वाशांवर. गळती लगेच दिसत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी रीप काळी पडते तेव्हा कळतं. ज्यांनी लहानपणी आषाढात पडवीला झापांच्या झडी बांधल्यात त्यांना हे वाचून पटायला वेळ लागत नाही. भाऊ गप्प झाला. आमच्याकडे हे क्वचित घडतं.

आणि मग तुम्ही झोपाळ्याला जागा काढलीत ती भलतीकडेच. पडवी सहाच फूट ठेवली. पडवी आणि ओटीमधल्या भिंतीत ज्या दोन खिडक्या आहेत, त्यांच्या खालचे थर काढून त्या जमिनीपर्यंत उघडल्या. वासे याच भिंतीवर बसलेत म्हणून भिंत पाडायची नाही, उघडी जागा प्रत्येकी पाच फुटांपेक्षा मोठी नाही, आणि मधला भरीव भाग तसाच ठेवायचा. आता पडवी नि ओटी एकच वाटतात, झोपाळा ओटीच्या तुळईला टांगता येतो आणि सकाळचं ऊन थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येतं. माजघराच्या वर तुम्ही चार काचेची कौलं घातलीत. त्यांचा उजेड जमिनीवर कुठे पडेल हे सकाळी नऊ आणि दुपारी तीन असं दोन वेळा दाखवलंत, म्हणून आईने देव्हाऱ्याची जागा चित्र बघूनच ठरवली.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. फोटोत आमचं आढं मधोमध खचलेलं दिसतं. आम्हाला त्याची इतकी सवय की ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. रेंडरमध्ये आढं सरळ आहे, पण त्यावर तुम्ही लाल अक्षरांत टीप टाकलीत: ‘सरळ धरलं आहे. खचण्याचं कारण पाहिल्याशिवाय असं होणार नाही.’ सुतारमामा ती टीप वाचून माळ्यावर चढले. भिंतीत गेलेली वाशांची टोकं त्यांनी पटाशीने टोचून पाहिली. तीन टोकांत पटाशी लोण्यात शिरावी तशी गेली. वर एक कौल तडकलेलं, पाणी नेमकं तिथेच मुरत होतं. टीप नसती तर नुसतं चित्र बघून आम्ही कौलं उतरवून, धुऊन परत चढवली असती.

सिमेंटच्या गिलाव्याबाबतही तुम्ही असंच हात राखून लिहिलंत. उघड्या जांभ्याची भिंत चित्रात सुरेख दिसते, पण सिमेंट तासताना चिऱ्याचा चेहराही सोबत निघतो. म्हणून आधी मागच्या बाजूला हातभर जागेत तासून बघा, चिरा टिकला तर चुन्याने चिऱ्यांमधल्या दर्जा भरा, भुगा निघत असेल तर चुन्याचाच गिलावा करा. गवंड्याने तसं पाहिलं. दक्षिणेची भिंत टिकते, पश्चिमेची नाही. पश्चिमेकडूनच पावसाचा मारा असतो, त्यात नवल नाही. त्यामुळे एक बाजू उघडी आणि एक चुन्याची, असं घर होणार. चित्रापेक्षा वेगळं, पण चालेल.

तुमच्या रेंडरमध्ये गोठ्यामागची टाकी दिसते, मागच्या संडासाचा पाइप दिसतो, मीटरवरचं पत्र्याचं छप्परसुद्धा दिसतं. वहिनींना हे चित्र फ्रेम करण्याजोगं वाटत नाही. सुतारमामांनी मात्र त्याची प्रिंट काढून पडवीच्या खांबाला ठोकलीय.

शिमगा झाला की कौलं उतरवायला घेतोय. आढं उघडं पडलं की त्याच चार कोपऱ्यांतून, बांबू उभा करून फोटो पाठवतो. तुळईचा जोड कसा घ्यायचा यावर सुतारमामांना तुमच्याशी बोलायचंय. त्यांचा फोन दुपारी जेवायच्या वेळी येईल, तेव्हा कृपया उचला.

आपला नम्र,
संगमेश्वराकडच्या घरातला थोरला